निखिल, सही करण्याआधी फॉर्म वाच

सातारा

चि. निखिल,

तू विमा घेतोयस आणि एजंटाला कोऱ्या फॉर्मवर सही करून दिलीस, असं तुझी आई फोनवर म्हणाली. तो फॉर्म आजच परत माग. कारण सांगते.

माझा एजंट आपल्या आळीतलाच. २०२३ च्या फेब्रुवारीत पहिला हप्ता मी कंपनीच्या नावाच्या चेकने दिला, ६१२० रुपये. मग दर तीन महिन्यांनी तो घरी यायचा, चहा प्यायचा, रोख घेऊन स्वतःच्या पॅडवर पावती फाडायचा. पॉलिसीचं विचारलं की म्हणायचा, "मावशी, छापायला गेलीय." असे सात हप्ते गेले, ४२,८४० रुपये. चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या, पण त्या पावतीवर कंपनीचा शिक्का नाही हे मला दिसलं नाही!

शेवटी शाखेत गेले. चेकच्या तारखेवरून क्लार्कने शोधलं. पॉलिसी कधीच निघाली होती, पण अर्जात पत्ता आणि मोबाइल एजंटाचा. कागद त्याच्याकडे गेला, हप्ता थकल्याचे मेसेजही त्यालाच. रोखीतला एक पैसाही भरलेला नव्हता आणि पॉलिसी लॅप्स झाली होती.

मी म्हटलं, "एजंट तुमचाच ना?" तेव्हा मॅनेजरने सुप्रीम कोर्टाचा १९९७ चा निकाल सांगितला. त्या प्रकरणात आयुर्विमा महामंडळाच्या एजंटाने ग्राहकाकडून हप्त्याचा चेक घेतला, पण महामंडळात पैसे भरले ते ग्राहक वारल्यानंतर. एजंटाला हप्ता घ्यायचा अधिकारच नव्हता, म्हणून त्याच्या हाती दिलेले पैसे महामंडळाला पोचले असं कोर्टाने मानलं नाही. घरच्यांचा दावा बुडाला. माझं निदान मरण तरी मध्ये आलं नाही.

म्हणून फॉर्म स्वतः भर. पत्ता, मोबाइल, ई-मेल तुझाच. आजारांच्या रकान्यात एजंटाला "नाही" लिहू देऊ नकोस; तुझ्या थायरॉइडच्या गोळ्या पुढे दाव्याच्या वेळी निघतीलच. पैसे ऑनलाइन किंवा कंपनीच्या नावाच्या चेकनेच भर. पहिला हप्ता गेला की अर्ज क्रमांक घेऊन कंपनीला स्वतः फोन कर. पॉलिसी हातात पडल्यापासून तीस दिवसांत ती नापसंत असेल तर परत करता येते, आणि कागदच आला नाही तर काय नापसंत करणार?

मी कंपनीकडे लेखी तक्रार दिली, पोच घेतली. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जाईन. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. रोख रकमेसाठी पोलिसांतही अर्ज दिलाय. पॅडवरच्या सातही पावत्या जपून ठेवल्यात. त्याची सही तेवढीच माझ्या हाती आहे.

काल तो समोरून आला आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेला.

तुझी,
मोठी आत्या