सपाट रेषाही वाच

अगं, आता घाटीत तुझं मेडिसिनचं पोस्टिंग लागणार, म्हणून आधीच कानावर घालते. ईसीजी हातात आला की सगळ्यांची नजर त्या उंच सुळक्यावर जाते. तू मात्र मधल्या सपाट जागाही वाच. तिथंही हृदयाचं काम चालूच असतं.

लीड टूमधला एकच ठोका घे. कागद सेकंदाला 25 मिलिमीटर सरकतो, म्हणजे बारीक चौकोन 0.04 सेकंदाचा आणि मोठा 0.20 चा. पहिला छोटा, गोलसर उंचवटा म्हणजे पी. सायनस नोडमधून निघालेली विद्युतलहर दोन्ही कर्णिकांत पसरते, ती इथं दिसते. नोड स्वतः एवढासा, की त्याची खूण कागदावर उमटतच नाही.

पीनंतर रेषा सपाट होते. त्या वेळी लहर एव्ही नोडमधून अगदी संथ जात असते. त्यामुळे कर्णिकांना आपलं रक्त खाली जवनिकांत ढकलायला सवड मिळते. पीआर मोजताना पीच्या सुरुवातीपासून क्यूआरएसच्या सुरुवातीपर्यंत मोज. पीच्या शेवटापासून मोजलंस तर फसशील. 3 ते 5 बारीक चौकोन म्हणजे ठीक.

मग क्यूआरएस. पर्किंजे तंतू लहर झपाट्यानं पोचवतात, म्हणून एवढ्या जाड जवनिका 3 बारीक चौकोनांच्या आत उद्दीपित होतात. कर्णिका पूर्वस्थितीला येतात त्याही याच सुमारास, पण त्यांची क्षीण खूण या सुळक्यात झाकली जाते.

पुढची सपाट रेषा एसटी. आता जवनिकांचा सगळा स्नायू एकाच विद्युत स्थितीत असतो. फरकच नाही, म्हणून रेषा हलत नाही. पण जवनिका रक्त बाहेर फेकतात ते याच वेळी! नंतर त्या पूर्वस्थितीला येतात, तो टी. जवनिकांचा बाहेरचा थर सगळ्यात शेवटी उद्दीपित होतो आणि आधी सावरतो, म्हणून टी सहसा क्यूआरएसच्याच दिशेला असतो.

आता करून बघ. दोन आरमध्ये 4 मोठे चौकोन : 300 भागिले 4, म्हणजे मिनिटाला 75 ठोके. पीआर 4 बारीक चौकोन, 0.16 सेकंद. क्यूआरएस 2, म्हणजे 0.08. क्यूच्या सुरुवातीपासून टीच्या शेवटापर्यंत 9, म्हणजे क्यूटी 0.36. सगळं नॉर्मल.

लीड वनमध्ये पी, क्यूआरएस, टी सगळंच उलटं दिसलं, तर आधी दोन्ही हातांच्या वायरींची अदलाबदल झाली नाही ना, ते बघ.

आणि एक पक्कं ध्यानात ठेव. हार्ट अटॅकच्या सुरुवातीला ईसीजी अगदी नॉर्मलही येऊ शकतो. छातीत दुखतंय म्हणणाऱ्याला त्या एका कागदावर घरी पाठवू नकोस. थोड्या वेळानं पुन्हा काढ, आणि सीनियरला दाखव.