तक्रारपत्र : बंद पडलेला मिक्सर आणि तीन जोडपत्रे



पत्रलेखनात सदोष वस्तू बदलून मागणारं पत्र नेहमी असतं. मुलं मायना बरोबर लिहितात, पण मजकुरात 'आमची फसवणूक झाली, लवकरात लवकर वस्तू बदलून द्यावी' एवढंच असतं. खऱ्या दुकानदाराला हे पत्र पाठवलं तर तो विचारेल, कशाच्या आधारावर? ते उत्तर जोडपत्रांतून द्यायचं असतं. एक उदाहरण घेऊ.

एका ग्राहकाने ३० मे रोजी ऑनलाइन दुकानातून मिक्सर मागवला. तो ३ जूनला घरी आला. ६ जूनपासून तो मिनिटभरात बंद पडू लागला. ७ जूनला ग्राहकाने दुकानाच्या चॅटवर कळवलं. 'तीन दिवसांत माणूस येईल' असं उत्तर मिळालं, पण कोणी आलं नाही. १४ जूनला पुन्हा विचारल्यावर उत्तर आलं, 'बदलून देण्याची १० दिवसांची मुदत संपली. आता फक्त दुरुस्ती होईल.'

आता तिन्ही कागद काय सांगतात ते पाहू.

ऑर्डरच्या पानावर वस्तू, किंमत, वस्तू मिळाल्याची तारीख आणि '१० दिवसांत बदलून मिळेल' ही अट आहे. बदलून मागण्याचा मुख्य आधार हाच. पुष्कळांना वाटतं की तो आधार वॉरंटीत असतो. पण वॉरंटी बहुधा उत्पादक कंपनीची असते आणि तिच्यात दुरुस्ती करायची की वस्तू बदलायची हे सहसा कंपनीच ठरवते. मग वॉरंटी कशाला जोडायची? तर हा दोष तिच्यात बसतो हे दाखवायला. या मिक्सरच्या वॉरंटीत मोटरचा समावेश आहे, जास्त भार टाकून झालेलं नुकसान मात्र वगळलं आहे. भार जास्त झाला की मिक्सर आपोआप बंद होतो आणि तळाचं बटण दाबल्यावर परत सुरू होतो. म्हणून भांडं रिकामं ठेवूनही तो बंद पडतो, हे पत्रात लिहायलाच हवं. नाहीतर 'तुम्हीच जास्त भरलं असेल' असं उत्तर येईल.

तिसरा कागद चॅटचा. त्याने सिद्ध होतं की तक्रार पाचव्या दिवशीच, म्हणजे मुदतीत झाली होती आणि उशीर दुकानाकडून झाला. स्क्रीनशॉटमध्ये तारीख, वेळ आणि तक्रार क्रमांक दिसला पाहिजे. फक्त आपल्याला हवं ते वाक्य कापून घेतलं तर पुरावा कच्चा पडतो. चॅटची खिडकी बंद झाल्यावर संवाद परत मिळेलच असं नाही, म्हणून फोटो तेव्हाच काढावा. कार्डाचा क्रमांक दिसत असेल तर तो झाकावा.

आता नमुना पत्र :

दिनांक : १६ जून २०२५

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
(दुकानाचे नाव व पत्ता)

विषय : सदोष मिक्सर बदलून मिळण्याबाबत.
संदर्भ : ऑर्डर क्र. ……, तक्रार क्र. ……

महोदय,

आपल्याकडून मागवलेला मिक्सर मला ३ जून रोजी मिळाला (जोडपत्र १). ६ जूनपासून तो रिकाम्या भांड्यासहही एका मिनिटात बंद पडतो. तळाचे बटण दाबूनही तसेच होते. मोटरचा दोष वॉरंटीत समाविष्ट आहे (जोडपत्र २). मी ७ जून रोजी, म्हणजे १० दिवसांच्या मुदतीत, तक्रार केली. आपण तीन दिवसांत माणूस पाठवण्याचे कळवले, परंतु कोणी आले नाही (जोडपत्र ३). त्यामुळे मुदत संपल्याचे कारण मला लागू होत नाही.

तरी १ जुलैपर्यंत त्याच मॉडेलचा नवीन मिक्सर द्यावा व जुना विनाशुल्क परत न्यावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
अ. ब. क.

सोबत : १) ऑर्डरचे पान २) वॉरंटीच्या अटी ३) ७ व १४ जूनच्या चॅटचे स्क्रीनशॉट

या पत्रात 'फसवणूक' हा शब्द नाही आणि 'लवकरात लवकर'च्या जागी तारीख आहे. महत्त्वाच्या दाव्यांपुढे जोडपत्राचा क्रमांक आहे. रिकाम्या भांड्याच्या वाक्याला मात्र कागद नाही. तिथे मिक्सर बंद पडतानाचा छोटा व्हिडिओ पाठवता येईल.

पत्र ई-मेलने पाठवावं, म्हणजे तारखेची नोंद राहते. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ऑनलाइन दुकानाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार सोडवायची असते. तसं झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर हेच पत्र आणि हीच जोडपत्रं उपयोगी पडतात.

वर्गात घेताना मुलांना आधी तीन कागद द्या आणि प्रत्येकाखाली 'यातून काय सिद्ध होतं?' हे एका वाक्यात लिहायला सांगा. ती तीन वाक्यं जोडली की पत्राचा मजकूर जवळजवळ तयार होतो.