कॉल साइनच्या उपसर्गावरून देश कसा ओळखावा

आमच्या शाळेच्या संग्रहाच्या कपाटात पत्र्याची एक जुनी पेटी आहे. एका माजी विद्यार्थ्याने वडिलांच्या पश्चात ती शाळेच्या स्वाधीन केली. त्याचे वडील हौशी रेडिओ चालवीत. घरच्या प्रक्षेपकावरून परमुलखातील अनोळखी माणसांशी बोलणाऱ्या अशा हौशी मंडळींना जगभर ‘हॅम’ म्हणतात. दोघांचे बोलणे झाले की त्याची पोच म्हणून एकमेकांना पोस्टकार्डाएवढे कार्ड पाठविण्याची रीत आहे, त्यास क्यूएसएल कार्ड म्हणतात. पेटीत अशी काही शे कार्डे आहेत. शाळेच्या प्रदर्शनासाठी ती देशवार लावण्याचे काम आम्ही हौसेने अंगावर घेतले आणि पहिल्याच दिवशी फसलो. एका कार्डावर ठळक अक्षरांत UK5 आणि पुढे तीन अक्षरे होती. UK म्हणजे युनायटेड किंग्डम, असे गृहीत धरून आम्ही खाली ‘ब्रिटन’ अशी चिठ्ठी लावली. नववीतील एक मुलगी कार्ड न्याहाळून म्हणाली, “सर, याच्यावर पत्ता तर मॉस्कोचा आहे.”

तिचे म्हणणे खरे होते. इतिहास शिकविणाऱ्याने कागद नीट न वाचता निष्कर्ष काढावा, ही गोष्ट आम्हांस लागली. त्यानंतर आम्ही हा विषय मुळातून समजून घेतला. तोच येथे मांडत आहोत.

कॉल साइन म्हणजे परवान्यासोबत सरकारने दिलेले नाव. VU2XYZ हे उदाहरणादाखल घेऊ. यात VU2 हा उपसर्ग, ज्याला हॅम मंडळी प्रीफिक्स म्हणतात, आणि XYZ हा त्या व्यक्तीपुरता प्रत्यय. प्रत्ययावरून देश कळत नाही, तो उपसर्गातच असतो. कारण कोणत्या देशाने कोणत्या अक्षरांनी सुरू होणारी नावे द्यावीत, याची वाटणी जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने करून ठेवली आहे. जहाजे, विमाने, आकाशवाणी केंद्रे आणि हौशी प्रक्षेपक या सर्वांना हीच वाटणी लागू आहे.

वाचण्याची पद्धत अशी. आधी पहिले चिन्ह पाहावे. ते B, F, G, I, K, M, N, R, W यांपैकी एक अक्षर किंवा 2 हा अंक असेल, तर तेवढ्यावरच काम भागते, कारण ती संपूर्ण मालिका एकाच देशाकडे आहे. K, N आणि W अमेरिकेकडे. G, M आणि 2 ब्रिटनकडे. F फ्रान्सकडे, I इटलीकडे, R रशियाकडे, B चीनकडे. म्हणजे W1 असो की KH6, परवाना अमेरिकेचाच. KH6 ही हवाई बेटांची खूण, एवढाच फरक. पहिले चिन्ह यांपैकी नसेल, तर दुसरेही पाहावे लागते. D पुढे अक्षर असेल तर त्याखाली तीन देश आहेत: DA ते DR जर्मनी, DS व DT दक्षिण कोरिया, DU ते DZ फिलिपिन्स. पहिले चिन्ह अंक असले तरी रीत तीच. 4S हे श्रीलंकेचे, 9N हे नेपाळचे, 8Q हे मालदीवचे. म्हणून 4S7 मधील 4 हा विभागाचा क्रमांक नव्हे, तो देशाच्या नावाचाच भाग आहे; विभाजक अंक 7 आहे. आमच्या मुलांची गल्लत बहुधा येथेच होई. नाव उजवीकडून वाचत यावे, प्रत्ययाची अक्षरे संपून जो पहिला अंक लागतो तो विभाजक, असे सांगितल्यावर ती थांबली. उत्सवप्रसंगी दिलेल्या खास नावांत अंकांची गर्दी असू शकते. तेथे ही युक्ती फसते, पण पहिली दोन चिन्हे खरेच सांगतात.

भारताच्या वाट्याला तीन मालिका आहेत: VT ते VW, AT ते AW आणि 8T ते 8Y. आपल्या हौशी प्रक्षेपकांना नित्याच्या व्यवहारात VU मिळते, AT सारखे उपसर्ग विशेष प्रसंगी दिसतात. VU पुढचा अंक पाहून ‘हा महाराष्ट्रातला’ असे म्हणता येत नाही, कारण 2 आणि 3 हे राज्याचे क्रमांक नसून परवान्याच्या श्रेणीचे आहेत: 2 सर्वसाधारण श्रेणीचा, 3 मर्यादित श्रेणीचा. केवळ VU4 व VU7 स्थळ सांगतात, अनुक्रमे अंदमान-निकोबार व लक्षद्वीप. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली, त्या वेळी भारतीय हौशींचे एक पथक पोर्ट ब्लेअर येथे VU4 या उपसर्गाने प्रक्षेपण करीत होते. नेहमीची संपर्कसाधने कोलमडली असता त्यांनी लोकांच्या खुशालीचे निरोप मुख्य भूमीपर्यंत पोचविले. ऐकणाऱ्याला VU4 एवढे कानावर पडले तरी आवाज कोठून येतो आहे, हे कळत होते.

V च्या पंक्तीकडे मात्र इतिहासाच्या शिक्षकाने थोडे थांबून पाहावे. VA ते VG कॅनडा, VH ते VN ऑस्ट्रेलिया, VO पुन्हा कॅनडा, VP व VQ ब्रिटन, VT ते VW भारत, VX व VY कॅनडा, VZ ऑस्ट्रेलिया. ब्रिटिश साम्राज्याचा नकाशाच जणू एका अक्षराखाली मांडला आहे. साम्राज्य गेले, पण अक्षरे तेथेच राहिली. पाकिस्तानकडे V नाही. त्याला AP ते AS मिळाले, आपल्या AT च्या अगदी शेजारी. आणि जी अक्षरे मोकळी झाली ती दुसऱ्याच्या हाती गेली. VR2 पूर्वी फिजीचे होते. फिजी १९७० साली स्वतंत्र झाल्यानंतर तेथील हौशी 3D2 वापरू लागले, आणि आज VR2 हे हाँगकाँगचे आहे. तेव्हा कार्डावरची तारीख न पाहता VR2 चा देश सांगू नये.

गोव्याचे उदाहरण याहून जवळचे. पोर्तुगीज अमलात गोवा, दमण आणि दीव येथील उपसर्ग CR8 होता, कारण CR पोर्तुगालच्या मालिकेत येते. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि त्या भूमीवरून CR8 कायमचे गेले. जुन्या संग्रहात असे कार्ड सापडले तर त्याचा परवाना लिस्बनच्या सत्तेचा, भूमी गोव्याची. दोन्ही गोष्टी लिहिल्या पाहिजेत.

दुसरा सापळा देशांच्या आद्याक्षरांचा, ज्यात आम्ही स्वतः अडकलो. ही अक्षरे देशांच्या नावांची संक्षिप्त रूपे नाहीत. AU ऑस्ट्रेलिया नव्हे, ते भारताच्या मालिकेत येते. IN भारत नव्हे, इटली. CA कॅनडा नव्हे, चिली. PA पाकिस्तान नव्हे, नेदरलँड्स. आणि UK?

आता त्या कार्डाकडे परत जाऊ. U हे एकट्याने देश सांगणारे अक्षर नाही, म्हणून दुसरे पाहिले. आजच्या वाटणीत UA ते UI रशिया, UJ ते UM उझबेकिस्तान, UN ते UQ कझाकस्तान, UR ते UZ युक्रेन. यानुसार UK उझबेकिस्तानचे ठरते. ‘ब्रिटन’ची चिठ्ठी काढून आम्ही उझबेकिस्तानची लावणार, एवढ्यात पुन्हा तोच मॉस्कोचा पत्ता आडवा आला: बॉक्स ८८, मॉस्को. कार्डावरील संपर्काची तारीख १९७८ मधील होती. तेव्हा उझबेकिस्तान हे स्वतंत्र राष्ट्रच नव्हते. त्या काळात सोव्हिएत संघात UK हा उपसर्ग व्यक्तीला नव्हे, तर क्लबांच्या सामूहिक केंद्रांना दिला जाई, आणि संघभरच्या हौशींची कार्डे बॉक्स ८८ या एकाच पत्त्यावरून येत-जात. UK नंतरचा अंक 5 युक्रेनचा. म्हणजे परवाना देणारा देश सोव्हिएत संघ, केंद्र युक्रेनमधील एका क्लबचे. एकाच कार्डाला आम्ही तीन उत्तरे दिली: पहिले अंदाजाचे, दुसरे कोष्टकाचे आणि तिसरे तारीख व पत्ता पाहून. कोष्टक चुकीचे नव्हते, ते आजचे होते आणि कार्ड कालचे.

तिरप्या रेघेविषयीही सांगितले पाहिजे. काही कार्डांवर F/DL1 असे लिहून पुढे अक्षरे असतात. रेघेआधीचे F म्हणजे माणूस बोलला तो फ्रान्समधून. DL1 पासूनचे नाव जर्मनीने दिलेले, म्हणून परवान्याचा देश जर्मनी. रेघेनंतर M, P किंवा MM असेल तर तो देश समजू नये. M म्हणजे वाहनातून, P म्हणजे घराबाहेर नेलेल्या संचावरून, MM म्हणजे समुद्रावरील जहाजातून. एका विद्यार्थ्याने /M पाहून कार्ड ब्रिटनच्या गठ्ठ्यात टाकले होते. M ही ब्रिटनची मालिका आहे हे त्याला ठाऊक झाले होते, पण ते नावाच्या आरंभी असेल तरच.

उपसर्ग जे सांगत नाही तेही ध्यानात ठेवावे. तो माणसाची जात, भाषा वा नागरिकत्व सांगत नाही. अमेरिकेत स्थायिक होऊन तेथे परवाना काढणारा मराठी माणूस K, N, W किंवा A चाच असतो. A पुरता खुलासा असा की AA ते AL अमेरिकेकडे आहे. आणि क्वचित परवाना देणारी सत्ता व मालिकेचा धनी वेगळे असतात. तैवानचे हौशी BV वापरतात. आंतरराष्ट्रीय वाटणीत B चीनकडे आहे, पण परवाना बीजिंगचा नसून तैपेईचा असतो. अशा ठिकाणी कार्डावरचा पत्ता वाचावाच लागतो.

पेटीतील एक कार्ड अजून आमच्याकडे चिठ्ठीविना आहे. ते वाळवीने खाल्ले आहे. नावातील 3D एवढेच शिल्लक, पुढचे सारे आणि पाठीमागचा मजकूर गेलेला. 3D ही दोन देशांत विभागलेली मालिका आहे. 3DA ते 3DM आफ्रिकेतील एस्वातिनीकडे, ज्याला पूर्वी स्वाझीलँड म्हणत, आणि 3DN ते 3DZ फिजीकडे. दोघांमध्ये निवाडा करणारे तिसरे चिन्हच वाळवीच्या पोटात गेले. कोपऱ्यात समुद्रासारखी निळी छटा दिसते म्हणून मुलांचा कौल फिजीला आहे, कारण स्वाझीलँडला समुद्र नाही. आम्ही त्याखाली पेन्सिलीने ‘फिजी?’ असे लिहून ठेवले आहे.