आठ-आठची जोडी: सेंटरच्या कॉम्प्युटरला दोन रॅम का?

समजा, वडीगोद्रीत हायवेलगत तुम्ही झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म आणि पासपोर्ट फोटोचं दुकान टाकताय. सेकंडहँड डेस्कटॉप मिळालाय: आठव्या पिढीचा आय-थ्री, ८ जीबीची एकच डीडीआर४ रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. दुकानदार म्हणतो, "अजून एक ८ जीबी टाका, मशीन पळेल." खरं आहे का? अर्धं खरं आहे.

प्रोसेसर आणि रॅम यांच्यात दोन रस्ते असतात, त्यांनाच चॅनल म्हणतात. एकच रॅम लावली की एक रस्ता रिकामा राहतो. साखर कारखान्यावर उसाच्या गाड्यांसाठी दोन वजनकाटे असून एकच चालू ठेवावा, तसं. दुसरा काटा सुरू केला तरी एका गाडीचं वजन लवकर होत नाही, पण रांग दुप्पट वेगानं सरकते.

हिशोब सोपा आहे. डीडीआर४ २४०० रॅम सेकंदाला २४० कोटी वेळा, दर वेळी ८ बाइट पाठवते. म्हणजे एका चॅनलवर १९.२ जीबी, दोनवर ३८.४. हा कागदावरचा कमाल आकडा. फॉर्म भरताना, टायपिंग करताना एवढी रांग लागतच नाही, त्यामुळे तिथं चॅनलचा फरक जाणवणार नाही. फोटो एडिटिंग, व्हिडिओ, थ्रीडी डिझाइन यात जाणवतो, कारण स्वतंत्र कार्ड नसल्यानं ग्राफिक्सही हीच रॅम वापरतं.

मग पुष्कळांना मशीन एकदम हलकं का वाटतं? बहुतेक वेळा ८ चे १६ जीबी झाले म्हणून! ब्राउझरचे पंधरा टॅब आणि फोटोचं सॉफ्टवेअर एकत्र उघडलं की ८ जीबी भरतात आणि विंडोज डिस्कवर पसारा टाकायला लागतं. आधी Task Manager मध्ये मेमरी बघा. कामाच्या गर्दीतही निम्मी मोकळी असेल तर पैसे रॅमवर नको. जुनी हार्डडिस्क असेल तर आधी एसएसडी घ्या.

रॅम घ्यायचीच ठरली तर जुनी काढून सोबत न्या. डीडीआर४ च हवी, ८ जीबी, तोच वेग, जमलं तर तीच कंपनी. वेग वेगळा असेल तर दोन्ही सहसा कमी वेगानं चालतात. ८ सोबत ४ लावली, तर इंटेलच्या अशा मशीनवर साधारण ४+४ चीच जोडी जमते, उरलेली ४ एकाच रस्त्यानं.

बोर्डवर दोनच स्लॉट असतील तर प्रश्न नाही. चार असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा, बऱ्याच बोर्डांवर A2 आणि B2 लिहिलेलं असतं. शेजारी-शेजारी लावल्या की दोन्ही एकाच चॅनलवर जाऊ शकतात. १६ जीबी दिसतात, सगळं नीट चालतं, आणि दुसरा रस्ता रिकामाच! म्हणून CPU-Z च्या Memory टॅबमध्ये चॅनलसमोर Dual किंवा 2 x 64-bit आलंय का पाहा.

चालू करताना नुसते बीप वाजले किंवा स्क्रीन काळीच राहिली, तर वायर काढून दोन्ही रॅम पुन्हा टक आवाज येईपर्यंत दाबा. तरीही नाही? एकेक लावून बघा, कोणती नापास ते लगेच कळेल. ती बदलून मिळावी म्हणून बिल आणि वॉरंटीचं स्टिकर सांभाळा.