सुरमईची तुकडी तव्यावरून कधी उतरवावी

१. मासा मटणाच्या हिशेबाने शिजवू नये. मटणातले पडदे चिवट असतात, ते विरघळेपर्यंत रटरटत ठेवावं लागतं. माशाला पाणीच पेलून धरतं, त्यामुळे त्याच्या मांसातले पडदे कमी आणि नाजूक. पन्नास-पंचावन्न अंशांच्या आसपास ते विरघळू लागतात. त्यापुढे मऊ व्हायला काही शिल्लक नसतं. तंतू मात्र आकसत जातात आणि आतलं पाणी पिळून बाहेर टाकतात. तव्यावर तुकडीच्या कडेला पांढरे थेंब साचू लागले, की हे पिळणं सुरू झालं म्हणून समजावं.

२. सुरमईच्या कापलेल्या तुकडीवर मणक्याभोवती वळणदार रेषा दिसतात. रेषा म्हणजे पडदा, दोन रेषांमधलं मांस म्हणजे पाकळी. पडदा विरघळला की पाकळ्या सुटतात, म्हणूनच ही खूण खरी. पण ती बघायची मणक्यालगत, कारण तिथे उष्णता शेवटी पोचते. फोर्कचं टोक तिथे खुपसून हलकेच फिरवावं. मांस रबरासारखं ओढलं गेलं आणि मणका सोडत नसेल, तर कच्चं. पाकळ्या थोडे आढेवेढे घेत सुटल्या आणि आतून ओलसर चकाकल्या, तर लगेच उतरवावं. हात लावताच भुगा होत असेल, तर पाणी गेलेलं आहे.

३. कोकमाचं आगळ किंवा लिंबू लावलेल्या तुकडीच्या रंगावर विसंबू नये. आंबटामुळे कच्चं मांसही पांढरं होतं.

४. सुईचा थर्मामीटर असेल तर सुई कडेने, जाडीच्या मधोमध घालावी. मणक्याला किंवा तव्याला टेकली तर आकडा खोटा. माझ्या जिभेला ५५ ते ६० अंशांमधली सुरमई सर्वांत रसरशीत लागते. अमेरिकेचा अधिकृत सुरक्षित आकडा ६३ आहे; घरात गरोदर बाई, लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर तोच पाळते. उतरवल्यावरही आतलं तापमान दोन-तीन अंश चढतं, म्हणून ६० ला उतरवून ताटात ६३ दिसल्याची खात्री करते. दोन सेंटिमीटर जाड, रवा लावलेल्या तुकडीला मध्यम-मोठ्या आचेवर पहिली बाजू चारेक मिनिटं, दुसरी तीनेक पुरते. याहून पातळ तुकडी घेऊच नये. रवा कुरकुरीत होईतो आतला रस जातो.

५. बांगडा चुकीला थोडी सूट देतो. पाणी त्याचंही जातं, पण अंगच्या तेलामुळे घास कोरडा लागत नाही. पापलेट तेवढी सूट देत नाही.

६. कालवणात मासा शेवटी. तिरफळं, कोकम घालून रस्सा आधी उकळून घ्यावा, मग तुकड्या सोडून आच मंद करावी, डाव न घालता टोप हलवावा. मणक्यालगत मांस सुटायला लागलं की गॅस बंद. पण टोपात रस्सा गरम असेतो मासा शिजतच राहतो, म्हणून जेवायला वेळ असेल तर तुकड्या सोडायचीच घाई करू नये.