गप्प बसलेली आठ उपकरणं

"दादा, तुमच्या मोबाईलवर टाकी भरलेली दिसतीय, मग आमचा नळ कोरडा का?" केळदच्या टाकीखाली हंडा घेऊन उभ्या असलेल्या ताईंनी मला हे विचारलं, तेव्हा माझ्या मोबाईलवर खरंच 78 टक्के दिसत होतं. शिडी चढून झाकण उघडलं, तर तळाला वीतभर पाणी. पाणी सोडणारे काका सकाळी तोच आकडा बघून निश्चिंत झाले होते. त्यांनी मोटार लावलीच नव्हती. आकडा चार दिवस जुना आहे, हे पडद्यावर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मी विंझरचा. नसरापूरपासून पासली-केळदपर्यंतच्या टाक्यांवर पाण्याची पातळी मोजणारी 46 उपकरणं मी बसवली आणि त्यांची देखभालही माझ्याकडेच आहे. प्रत्येकात सिमकार्ड, बॅटरी, वर छोटं सोलर पॅनेल. दर तासाला जागं व्हायचं, पातळी मोजायची, सर्व्हरला पाठवायची आणि झोपायचं, एवढंच त्याचं काम. फर्मवेअर मात्र कंपनीचं, आणि ते बदलायचा अधिकारही कंपनीचाच. जुलैच्या एका सोमवारी रात्री त्यांनी मला न विचारता 1.9.0 ही नवी आवृत्ती सगळ्या 46 उपकरणांना एकदम पाठवली.

मंगळवारी मेल आला: 100 टक्के यशस्वी. शुक्रवारच्या अहवालातही 100 टक्केच. त्याच शुक्रवारी मी केळदला रिकाम्या टाकीवर उभा होतो.

घरी येऊन दोन्ही अहवाल शेजारी ठेवले, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मंगळवारचे शंभर टक्के म्हणजे 46 पैकी 46 जणांनी फाईल डाउनलोड केली. शुक्रवारचे शंभर टक्के म्हणजे गेल्या 24 तासांत बोललेल्या 38 पैकी 38 जण नव्या आवृत्तीवर आहेत. मधली आठ गेली कुठे? ती बोललीच नाहीत, म्हणून मोजणीतूनच गळली. गैरहजर मुलांची नावं पटावरून खोडली की हजेरी पूर्ण भरते, तसा हा हिशोब. उपकरणं जितकी जास्त बंद पडतील, तितका अहवाल चांगला दिसेल.

मी कंपनीला फोन केला. उत्तर मिळालं, "पावसात पॅनेलवर शेवाळ धरलं असेल, बॅटऱ्या उतरल्या असतील. तुमची देखभाल कमी पडली." हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही. माझं त्या तिमाहीचं बिलही याच कारणाखाली अडकवलं.

बॅटरी उतरून बंद पडलेलं उपकरण ओळखता येतं. त्याचा व्होल्टेज आधी काही दिवस उतरत जातो, आणि दोन उपकरणं एकाच वेळी सहसा मरत नाहीत. माझ्या आठही उपकरणांच्या शेवटच्या निरोपात व्होल्टेज 3.9च्या आसपास होता आणि आठही जण सोमवारी रात्री अपडेटनंतरच्या तासाभरात गप्प झाले होते. टॉवर बंद असता, तर त्याच टॉवरवरची शेजारची उपकरणंही गेली असती आणि वीज आल्यावर परतली असती. एकाच तासात, भरलेल्या बॅटरीनिशी, वेगवेगळ्या गावांत शांतता पसरली, की दोष फर्मवेअरचा.

शनिवारी पुन्हा केळद गाठलं, डबा उघडून लॅपटॉपला केबल जोडली आणि तास उलटायची वाट बघितली. पडद्यावर हे आलं:

```
net: attach timeout 45s
sleep 3600s
```

उपकरण मेलेलं नव्हतं. चार दिवस दर तासाला उठून ते हाक मारत होतं. जुनं फर्मवेअर नेटवर्क मिळण्यासाठी तीन मिनिटं थांबायचं. बॅटरी वाचावी म्हणून नव्यात ती वेळ 45 सेकंद केली होती. विंझरला किंवा नसरापूरला तेवढ्यात नेटवर्क मिळतं. डोंगराआडच्या दरीत सिम नोंदवायलाच मिनिटापेक्षा जास्त लागतं. आणि नेटवर्कच नाही म्हटल्यावर दुरुस्तीची आवृत्तीही हवेतून पोचणार नाही. आठही ठिकाणी पावसात मोटारसायकलवर जाऊन केबलनेच भरावी लागली.

जुनी आवृत्ती आपोआप परत का आली नाही? तशी सोय आहे. या इएसपी32 चिपमध्ये नवी आवृत्ती आधी कच्ची धरता येते. तिनं स्वतःला पक्कं म्हटलं नाही, तर पुढच्या रीबूटला जुनी परत येते. पक्कं करणारी ओळ ही:

```
esp_ota_mark_app_valid_cancel_rollback();
```

कंपनीनं ती ओळ प्रोग्रॅम सुरू होताच लिहिली होती. म्हणजे सर्व्हरशी एक शब्दही बोलण्याआधीच आवृत्ती पक्की. ती ओळ सर्व्हरची पोच मिळाल्यावर चालली पाहिजे, आणि ठरावीक प्रयत्नांत पोच मिळाली नाही, तर उपकरणानं स्वतः रीबूट घेतला पाहिजे.

आता ज्यांच्याकडे अशी उपकरणं आहेत, त्यांना सांगतो. मोजणीचा पाया कधीही सर्व्हरची यादी नसावी. आपण हातानं बसवलेल्या उपकरणांची नोंदवही हाच पाया. मी ती नोंदवही एका टेबलात घातली आणि रोज सकाळी एवढंच विचारतो:

```sql
SELECT r.device_id, r.gav, h.fw, h.last_seen
FROM register r
LEFT JOIN heartbeat h ON h.device_id = r.device_id
WHERE h.last_seen IS NULL
   OR h.last_seen < now() - interval '3 hours'
   OR h.fw <> '1.9.1';
```

`heartbeat`मध्ये प्रत्येक उपकरणाची शेवटची एकच नोंद असते. `LEFT JOIN`मुळे कधीच न बोललेलं उपकरणही यादीत येतं. तासाला एक निरोप अपेक्षित असेल, तर तीन चुकले की मी संशय धरतो. एक चुकला म्हणून धावत नाही, आमच्याकडे पावसाळ्यात वीज गेली की टॉवरही जातो. चोवीस तास झाले की गाडी काढतो.

"डाउनलोड झालं" याला यश म्हणू नका. रीबूटनंतर उपकरणानं स्वतःच्या निरोपात नवी आवृत्ती सांगितली आणि पुढचे 24 तास निरोप चुकवला नाही, तरच ते झालं म्हणायचं.

सगळ्यांना एकदम पाठवू देऊ नका. आधी तीन उपकरणं निवडा आणि त्यांत सगळ्यात कमी सिग्नलचं एक हवंच. कंपन्या चाचणी ऑफिसातल्या टेबलावर घेतात, तिथे सगळंच चालतं. तीनपैकी एक जरी गप्प झालं, तरी तिथेच थांबायचं. आणि भर पावसाळ्यात अपडेट नकोच. पॅनेलला ऊन नाही, रस्त्यावर दरड, आणि दुरुस्तीला जाणारा माणूस तुम्हीच.

पडद्यावरच्या प्रत्येक आकड्याशेजारी तो कधीचा आहे हे दिसलं पाहिजे. तीन तासांपेक्षा जुना आकडा पुसून तिथे "माहिती नाही" यायला हवं. आम्ही तसं करून घेतलं, म्हणून आता काका शिडी चढून बघतात.

बाकी, सगळं लेखी ठेवा. फोनवरच्या बोलण्याला नंतर कुणी ओळखत नाही.

कंपनीनं पुढच्या महिन्यात 1.9.1 काढली. तिच्यात नेटवर्कची वाट बघायची वेळ पुन्हा तीन मिनिटं झाली आहे. सोबतच्या टिपेत मात्र "स्थिरतेत सुधारणा" एवढेच दोन शब्द आहेत. चूक झाली असं कुणी म्हणालं नाही, आणि माझं बिल अजून शेवाळावरच अडलेलं आहे. आठही ठिकाणच्या पॅनेलचे फोटो मी तारखेसकट जपून ठेवलेत. शेवाळ एकावरही नाही.