फारकतीनंतर लेकरू कोणाकडे? ताबा आणि पालकत्व

ताईंनो, फारकतीची गोष्ट निघाली की आईला पहिली धास्ती पडते, "लेकरू हिसकावून तर घेणार नाहीत ना?" त्यासाठी आधी दोन शब्द वेगळे समजून घेऊ. ताबा म्हणजे मूल रोज कोणाजवळ राहील. पालकत्व म्हणजे त्याच्या शिक्षणाचे, पैशाचे, जमिनीचे निर्णय कोण घेईल. दोन्ही एकाच माणसाकडे असतील असं नाही.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा 1956 मध्ये पालक म्हणून आधी बाप आणि त्याच्यानंतर आई लिहिली आहे. पण पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडेच असावा, असंही त्यातच आहे.

"बापानंतर" म्हणजे बाप मेल्यावरच का? जिजाबाई गजरे यांचा खटला आपल्या विदर्भातल्या शेतजमिनीच्या कुळाचा. नवरा जिवंत होता, पण वीसेक वर्षांपासून वेगळा राहत होता. मुलीचं सगळं आईच पाहत होती. सर्वोच्च न्यायालयाने 1970 मध्ये म्हटलं की बाप लक्षच देत नसेल तर मुलीपुरता तो नसल्यासारखाच, म्हणून आईच पालक. 1999 च्या गीता हरिहरन निकालात हाच अर्थ पक्का झाला. मात्र बाप मुलाची काळजी घेत असेल, तर हा निकाल आपोआप लागू होत नाही.

ताबा ठरवताना न्यायाधीश मुलाचं हित सगळ्यात वर ठेवतात. वय, शाळा, आजवर कोणी सांभाळलं, घरात मारझोड आहे का, हे पाहतात. समजत्या मुलाला स्वतः विचारतात. त्याला पढवून नेलं तर ते बोलण्यातून कळतं. आईची कमाई कमी म्हणून ताबा जात नाही, कारण मुलाचा खर्च बापाला द्यायला लावता येतो.

समजा मुलगी सात वर्षांची आहे आणि आईसोबत वाडीत राहते. अर्ज मूल नेहमी जिथे राहतं तिथल्या न्यायालयात होतो, म्हणजे नागपूरला. सोबत शाळेचा दाखला, लसीकरणाचं कार्ड, फीच्या पावत्या जोडा. रोज कोण सांभाळतं ते त्यातून दिसतं. निकालाला वेळ लागतो, म्हणून तात्पुरत्या ताब्याचा आणि खर्चाचा अर्ज सोबतच द्या. ताबा आईला मिळाला तरी बापाला भेटीचे दिवस बहुतेक वेळा मिळतात. ते अडवले तर पुढे आपल्याच विरोधात जातं.

राजीखुशीने फारकत घेत असाल तर ताबा, भेटीचे वार, सुट्ट्या आणि खर्च अर्जातच लिहून घ्या. नुसत्या स्टॅम्पपेपरवरच्या लिखापढीने न्यायालय बांधलं जात नाही. परिस्थिती बदलली तर ताब्याचा आदेशही बदलून मागता येतो.

वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला तिथे उत्पन्नाची अट न ठेवता मोफत वकील मिळतो. फोन 15100.